पॅनेलची पाठ

आमच्या घरात भांडण व्हायला फार काही लागत नाही. सोलर पॅनेलमध्ये आधी काय बिघडतं, एवढा विषय पुरतो. मी म्हणते, मागची डबी. धाकटी बहीण म्हणते, मागचा पडदा. आमचं पॅनेल दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकांसमोर आम्ही शहाण्यासारख्या वागतो आणि शटर ओढलं की एकमेकींवर तुटून पडतो.

माझा हट्ट काही हवेतला नव्हता. बंद पडलेलं पॅनेल टेबलावर आलं की मी आधी ती डबी, म्हणजे जंक्शन बॉक्स, उघडते, आणि बहुतेक वेळा तिथेच चोर सापडतो. डायोड जळालेला, नाहीतर तारेचा सोल्डरचा डाग सुटलेला. त्यामुळे बाजारात माझं नाव डबीताई पडलंय, आणि मला ते मनापासून आवडतं.

त्या सकाळी अंडी उबवणी केंद्राचे मालक दुकानात आले तेच तोंड पाडून. त्यांच्या छतावरची पॅनेलं धाकटीने बसवली होती. तिच्या एकटीच्या नावावरचं ते पहिलं छत. गेले कित्येक दिवस तिथला इन्व्हर्टर सकाळी रुसायचा, करंट जमिनीत गळतोय असा इशारा द्यायचा, आणि ऊन चढलं की आपोआप सुरू व्हायचा.

"मॅडम, दुसऱ्या एकाने बघितलं," ते मला म्हणाले, "तो म्हणतो, मालच खराब आहे, सगळा उतरवा. दुपारी ट्रक येतोय. तुमच्या कानावर घातलेलं बरं."

धाकटी शेजारीच उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिलंच छत भंगारात गेलं, तर पुन्हा तिला छत कोण देणार? मला मालकांचा असा राग आला म्हणता!

"पण असतं काय हो त्या पॅनेलमध्ये?" मालकांनी विचारलं.

टेबलावर एक मेलेलं पॅनेल गरम हवेने सोलून ठेवलं होतं. धाकटीने ते पुढे ओढलं. "वर काच. दगड पडला नाही तर ती सगळ्यांना पुरून उरते. तिच्याखाली हा पारदर्शक चिकट थर, मग वीज बनवणारे सेल, मग पुन्हा तसाच थर. सेलना हवा-पाणी लागू नये म्हणून ते असे दोन्हीकडून चिकटवून टाकलेले. हा थर जुना झाला की पिवळा पडतो, ऊन कमी आत येतं. आणि सगळ्यात मागे हा पांढरा पडदा, बॅकशीट. वीज बाहेर येऊ नये आणि ओल आत जाऊ नये, हे याचं काम. भोवती ॲल्युमिनियमची चौकट, पाठीवर डबी. डबीतून वायरी निघतात."

"म्हणजे डबीच बिघडत असणार," मालक म्हणाले. माझा त्यांच्यावरचा राग थोडा कमी झाला.

"तुमच्या छतावरच्या डब्या मी सगळ्या उघडून पाहिल्यात," मला कबूल करावं लागलं. "आतून कोरड्या ठणठणीत. डायोडही चांगले. मीटरही काही दाखवत नाही."

"कधी पाहिलंस ताई?" धाकटीने विचारलं.

"दुपारी. जेवण उरकून गेलो होतो की आपण."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग किंचाळली, "दव! ताई, सकाळी दव असतं! इन्व्हर्टर रुसतो तेव्हा पॅनेल ओलं असतं, आणि आपण दोघी शहाण्या जातो कधी, तर ते वाळून कडकडीत झाल्यावर!"

मी कपाळावर हात मारला. मग आम्ही अक्षरशः धावलो. शेजारच्या रोपवाटिकेतून पाठीवरचा फवारणी पंप मागून घेतला, वीज कुठे गळते ते दाखवणारा इन्सुलेशन मीटर गाडीत टाकला आणि मालकांच्या मागोमाग निघालो.

छतावर पोचलो तेव्हा ट्रक फाटकात येऊन उभा होता. धाकटीने रबरी हातमोजे चढवले आणि पंप पाठीला लावला. मी इन्व्हर्टर बंद करून वायरीने एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा एकमेकींपासून सोडवल्या आणि पहिल्या माळेला मीटर लावला.

"आधी काच!" मी ओरडले. तिने काचा भिजवल्या. "हात लांब!" मी बटण दाबलं. आकडा खाली पडला की समजायचं, गळती तिथे. तो जागचा हलला नाही.

"आता डब्या!"

खोटं कशाला बोलू, आकडा पडावा असं मला मनातून वाटत होतं. पडला नाही. मग तिने चौकटीखाली वाकून पाठी भिजवल्या. त्याही ठीक. दुसरी माळ, तीच गत. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. त्याला मी छतावरून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या माळेच्या पाठी भिजल्या, मी बटण दाबलं, आणि आकडा धाडकन खाली आला.

"पडला! पडला गं!" मी नाचायचीच बाकी होते. मालक जिना चढून धापा टाकत वर आले. माळ सुटी करून आम्ही एकेक पॅनेल तपासलं. टोकाची ठीक निघाली, मधली सलग गेलेली. धाकटी त्यांच्याखाली उताणी सरकली आणि टॉर्च लावला. मीही सरकले. पांढऱ्या पडद्यावर सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या रेषेत उभ्या चिरा गेल्या होत्या. तिने बोट फिरवलं, तर बोटाला खडूसारखी पांढरी पूड आली.

"पडदा," ती म्हणाली. आमचं भांडण ती जिंकली होती, पण आवाजात आनंद नव्हता. ती आमच्या पायांकडे बघत होती. तिथे छतात एक जाळी होती, आणि जाळीतून गरम, दमट वाफ थेट या पॅनेलांच्या पाठीवर येत होती.

"हा ट्रे धुण्याच्या खोलीचा पंखा," मालक म्हणाले. "उकळत्या पाण्याने धुतो ना आम्ही."

मला कळलं. आमच्या धंद्यात जो तो पॅनेलखालून वारा खेळवायला धडपडतो, कारण गार पॅनेल जास्त वीज देतं. छत बसवलं तेव्हा धुलाई बंद होती, पंखा नुसता वारा फेकत होता. धाकटीला वाटलं, फुकटचा वारा मिळतोय. तिने ती रांग मुद्दाम त्या जाळीवर घेतली होती. रोजच्या वाफेने पडदा ठिसूळ होऊन तडकला, आणि चिरांत दव शिरलं की वीज चौकटीतून जमिनीत गळायला लागली.

माझ्या ओठांवर आलं होतं की मालच तसा निघाला म्हणून सांग. चिरा कशामुळे गेल्या ते मालकांना काय कळणार होतं? पण धाकटी बाहेर सरकली, कपडे झटकले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माल चांगला आहे. चूक माझी आहे. खाली काय चालतं हे न विचारता मी ही रांग पंख्यावर बसवली. एवढीच पॅनेलं काढा. इथे पुन्हा काही बसवायचं नाही. बाकीचं छत ठणठणीत आहे, मी आत्ता भिजवून दाखवते."

आम्ही वाईट पॅनेलं काढली, उरलेल्यांची माळ जोडली आणि सगळं छत पुन्हा चिंब केलं. आकडा हलला नाही. ओल्या पॅनेलांवर इन्व्हर्टर सुरू झाला तेव्हा मी धाकटीला मिठीच मारली. ट्रक जवळजवळ रिकामाच गेला.

तरी ती रात्रभर कूस बदलत होती. खरी परीक्षा पहाटेच्या दवाची होती.

सकाळी चहा उकळत होता तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडे पिल्लांचा नुसता चिवचिवाट, आणि त्यावरून मालकांचा आवाज, "पॅनेलांवरून दव ठिबकतंय आणि इन्व्हर्टर चालू आहे! मॅडमना द्या फोन."

"मॅडमच बोलतेय," मी म्हणाले.

"तुम्ही नाही हो ताई," ते म्हणाले. "मॅडमना द्या. नवीन शेडचं छत करायचंय, आणि या वेळी खाली काय काय चालतं ते मी त्यांना आधीच सांगणार आहे."

मी फोन धाकटीच्या हातात दिला आणि चहा उतू जाऊ दिला.