त्रिकोण नसलेल्या रेघा

सेतुमाधवरावांनी दहाचे दोन केले, बाजूला लाल शाईत सही केली आणि ती उत्तरपत्रिका गठ्ठ्यात परत सरकवली. गठ्ठा चंद्रमतीचा होता.

मे महिना होता, साल पंच्याण्णव. तंजावूरच्या एका कॉलेजच्या लांबट हॉलमध्ये बी.एस्सी. गणिताच्या उत्तरपत्रिका तपासण्याचं शिबिर चाललं होतं. अठरा परीक्षक, वर घरघरणारे सहा पंखे, कोपऱ्यात नीरमोराचं, म्हणजे पातळ ताकाचं, मातीचं मडकं. सेतुमाधवराव परीक्षक मंडळाचे प्रमुख होते. प्रश्नांची आदर्श उत्तरं त्यांनी स्वतः लिहिली होती, आणि प्रत्येकाच्या गठ्ठ्यातल्या थोड्या पत्रिका पुन्हा तपासून पाहणं हेही त्यांचंच काम. चौतीस वर्षं शिकवून ते महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. कडक म्हणून त्यांचं नाव होतं, आणि ते नाव त्यांना मनातून आवडायचं.

ग्राफ थिअरी हा विषय अभ्यासक्रमात येऊन तीनच वर्षं झाली होती. गावात गल्लोगल्ली कम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या, मुलांना हेही यायला हवं असं वरून ठरलं, आणि पन्नाशी उलटलेल्या सेतुमाधवरावांनी ते पुस्तकातून स्वतः शिकून घेतलं. कागदावर काही बिंदू, त्यांच्यापैकी काहींना जोडणाऱ्या रेघा, एवढाच तो ग्राफ. यंदाचा दहा गुणांचा प्रश्न असा होता: बिंदू अमुक इतके, पण कुठलेही तीन बिंदू एकमेकांना जोडलेले नकोत, म्हणजे त्रिकोण नको. तर जास्तीत जास्त रेघा किती? उत्तर, बिंदूंच्या संख्येच्या वर्गाचा चौथा हिस्सा. आठ बिंदू असतील तर सोळा. पण ते सिद्ध करायचं होतं.

इथेच मुलं घसरत होती. कित्येकांनी लिहिलं होतं, बिंदूंचे दोन गट करा, गटाच्या आत रेघ काढू नका, एका गटातला प्रत्येक बिंदू दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला जोडा. रेघा म्हणजे दोन गटांचा गुणाकार, आणि गट सारखे असले की तो गुणाकार सर्वांत मोठा. ऐकायला गोड. पण त्रिकोण नसलेला प्रत्येक ग्राफ असा दोन गटांत पडतो हे कोणी सांगितलं? पाच बिंदूंचं साधं कडं घ्या. त्यात त्रिकोण नाही, तरी त्याचे असे दोन गट होत नाहीत. म्हणून पहिल्याच सकाळी सेतुमाधवरावांनी सगळ्यांना बजावलं होतं, दोन गटांचा गुणाकार दिसला की दोन गुण, वर एकही नाही.

आणि चंद्रमतीने दहा दिले होते. तिचं हे पहिलंच शिबिर. आठ वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात बसायची; आता तिरुवैयारूहून रोज बसने येऊन एका मुलींच्या कॉलेजात शिकवत होती. नव्या परीक्षकाचा हात सैल असतो, असं मनाशी म्हणून ते पुढच्या गठ्ठ्याकडे वळले.

जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या टेबलाशी आली. हातात तीच पत्रिका. हॉलमध्ये सगळ्यांशी तमिळ आणि इंग्रजी चाले, पण हे दोघे एकटे असले की घरचं मराठी बोलत.

"सर, तुम्ही हे पान उलटलं कां?" तिने हळूच विचारलं.

सेतुमाधवराव दहीभाताचा घास घेता घेता थांबले. त्यांनी पान उलटलं नव्हतं. डाव्या पानाच्या तळाशी त्यांना गुणाकार दिसला होता, एक संख्या गुणिले बिंदूंतून ती वजा, आणि सकाळपासून तेच पाहून डोळे विटले होते. पण हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. गुणाकार आहे म्हणजे गट आधी धरून चाललंय, एवढंच म्हणाले.

"गट धरले नाहीत, सर. गट आपोआप आले."

तिने डब्याशेजारी एक कोरा कागद ठेवून आठ बिंदू काढले. ज्या बिंदूला सर्वांत जास्त रेघा आहेत तो घ्या, ती सांगू लागली. समजा त्याला पाच रेघा आहेत, म्हणजे त्याचे पाच शेजारी. या पाचांत आपापसात एकही रेघ असू शकत नाही. असली तर ती दोन टोकं आणि आपला बिंदू मिळून त्रिकोण होईल. मग ग्राफमधल्या कुठल्याही रेघेचं निदान एक टोक उरलेल्या तीन बिंदूंत आलंच पाहिजे. आपला पहिला बिंदूही त्या तिघांतच. आणि त्या तिघांपैकी कोणाला पाचाहून जास्त रेघा नाहीत, कारण पाच ही सर्वांत मोठी संख्या. तीन पंचे पंधरा. त्यावर रेघा नाहीत.

सेतुमाधवरावांनी घास गिळला. त्यांना वाटलं, चूक पकडली.

"दोन्ही टोकं त्या तिघांतच असलेली रेघ? ती दोनदा मोजली जाईल."

"जाईल. म्हणून खऱ्या रेघा त्याहून कमीच असतील, जास्त नाहीत. आपल्याला वरची मर्यादा हवी, सर, नेमकी संख्या नको." तिने पान उलटून बोट ठेवलं. वेड्यावाकड्या अक्षरात, एक ओळ खोडून, त्या विद्यार्थ्याने हेच लिहिलं होतं: काही रेघा दोनदा मोजल्या जातील, म्हणून इथे बरोबरचं चिन्ह नाही, लहान किंवा बरोबरचं आहे.

डबा बाजूला सारून सेतुमाधवरावांनी पत्रिका जवळ ओढली आणि ते दीड पान पहिल्या अक्षरापासून वाचलं. शेजारी पाच असोत, चार असोत, सहा असोत. त्यांची संख्या आणि उरलेल्यांची संख्या मिळून आठच होणार, आणि बेरीज ठरलेली असली की गुणाकार सर्वांत मोठा होतो तो चार चोक सोळाला. चूक कुठेच नव्हती.

पण त्यांना खरं अडवलं ते शेवटच्या चार ओळींनी. ही मर्यादा नेमकी गाठायची तर काय काय व्हायला हवं, हे त्या मुलाने किंवा मुलीने लिहिलं होतं. एकही रेघ दोनदा मोजली जाता कामा नये, म्हणजे उरलेल्या बिंदूंत आपापसात रेघ नको. त्यातल्या प्रत्येकाला पुरत्या चार रेघा हव्यात, म्हणजे तो चारही शेजाऱ्यांना जोडलेला हवा. मग दुसरं काही उरतच नाही. दोन सारखे गट, आत रेघ नाही, आरपार सगळ्या रेघा.

त्यांनी स्वतः लिहिलेलं उत्तर वेगळं होतं. एक रेघ घ्या, तिची दोन्ही टोकं काढून टाका. त्रिकोण नसल्याने बाकीचा कुठलाही बिंदू त्या दोघांपैकी फार तर एकालाच जोडलेला असणार, म्हणून त्या दोघांबरोबर फार तर बिंदूंच्या संख्येपेक्षा एक कमी इतक्या रेघा जातात. उरलेल्यांना आधीचाच नियम लावा. तेही निखळ बरोबर. तीन वर्षं ते तेच शिकवत होते. तरी दर वर्षी फळ्यावरून खडू खाली ठेवताना त्यांना वाटायचं, सिद्ध तर झालं, पण ते दोन गट आले कुठून? वर्गात तसं कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही तो प्रश्न कधी पुढे रेटला नव्हता.

"मला इतकी वर्षं हे दिसलं नाही," ते म्हणाले. हे म्हणताना ते हसत होते.

त्यांनी आपले दोन खोडले, दहा लिहिले, पुन्हा सही केली. ती आभार मानून निघाली, तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. खरी अडचण त्यांच्या आता लक्षात आली होती. दोन दिवस अठरा परीक्षक त्यांच्याच सांगण्यावरून गुणाकार दिसला की दोन गुण देत होते. असं उत्तर आणखी कोणी लिहिलं असेल, तर तेही दोनावरच बसलं असणार. गुणांच्या याद्या अजून पुढे गेल्या नव्हत्या. म्हणजे वेळ होती.

सुट्टी संपल्यावर ते फळ्याजवळ उभे राहिले आणि तमिळमध्ये सरळ सांगून टाकलं की आपण दिलेली सूचना चुकीची होती. सेतुमाधवराव सूचना मागे घेताहेत हे याआधी कोणी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी आठ बिंदू काढून ती सिद्धता पहिल्यापासून समजावली. मागच्या बाकावरच्या सदाशिवने, तो त्यांच्याच कॉलेजातला, दोनदा मोजलेल्या रेघेची शंका काढली, आणि सेतुमाधवरावांनी चंद्रमतीकडे हात केला. तिने जागेवरूनच उत्तर दिलं. कुंभकोणमच्या एका बाईंनी विचारलं, बिंदू नऊ असतील तर? पाच चोक वीस, ते म्हणाले, वर्गाचा चौथा हिस्सा सव्वावीस येतो, पण पाव रेघ काढता येत नाही. हॉल हसला. वर्ग असा रमलेला त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

बांधलेले गठ्ठे पुन्हा सोडायचे म्हटल्यावर मात्र कुरकुर झाली. सदाशिवला चारची गाडी होती. सातशेच्या वर पत्रिका, प्रत्येकीतला तो एक प्रश्न, आणि तोही फक्त दोन गुण मिळालेला असेल तर वाचायचा. शिबिराच्या अधिकाऱ्यांची परवानगी सेतुमाधवराव स्वतः जाऊन घेऊन आले आणि सर्वांत मोठा गठ्ठा आपल्या टेबलावर ओढून बसले. ते बसल्यावर बाकीच्यांना उठणं जमेना. सदाशिवनेही गाडी सोडली.

पाच वाजेपर्यंत दोन गुणांवर बसलेल्या चौसष्ट पत्रिका निघाल्या. साठांत गट खरंच आधी धरलेले होते. त्यांचे दोन तसेच राहिले. एकीत कल्पना बरोबर होती, पण शेजाऱ्यांत रेघ का नाही हे सांगायचं राहिलं होतं. तिला चंद्रमती सात म्हणाली, सेतुमाधवराव सहा म्हणाले, आणि सात ठरले. उरलेल्या तिघांचं सगळं बरोबर होतं. तिन्ही वेगवेगळ्या केंद्रांतल्या, वेगवेगळ्या अक्षरांतल्या. एक तर सदाशिवच्याच गठ्ठ्यात निघाली. त्याने ती दोनदा वाचली, दहा दिले आणि मग काही कुरकुरला नाही.

सेतुमाधवराव पश्चिम राजवीथीवरच्या आपल्या घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. राजम, त्यांची बायको, पायरीवर बसून मोगरा निवडत होती. उशीर का झाला म्हणून तिने विचारलं, तर ते शेजारी टेकले आणि सगळं सांगत बसले; आपण पान उलटलं नव्हतं हेसुद्धा. राजमने चार कळ्या एका बाजूला मांडल्या, चार समोर, आणि बोटाने इकडून तिकडे रेघा ओढून पाहिल्या.

"इथली दोघं आपापसात जोडली की बिघडतं," ती म्हणाली.

"बिघडतं. समोरचा कुठलाही घेतला तरी त्रिकोण झाला."

"ते लिहिणारी मुलगी होती की मुलगा?"

ते कळायला मार्ग नव्हता. पत्रिकेवर नाव नसतं, नुसता आकडा, आणि तो आकडाही त्यांनी लिहून घेतला नव्हता. राजमला ते जरा चुकल्यासारखं वाटलं. त्यांना वाटलं नाही. कुठल्याशा घरात निकाल लागेल, ते दहा गुण बेरजेत मिसळतील, आणि त्या पोराला कळणारही नाही की आपल्यापायी हॉलभर माणसं खोळंबली आणि एकाची गाडी चुकली.

त्यांनी राजमकडे कॉफी मागितली आणि आत जाऊन तीन वर्षांपूर्वीच्या आपल्या टिपणांची वही काढली. निवृत्तीला सतरा दिवस होते. ही टिपणं चंद्रमतीला द्यायचं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. देण्याआधी त्या पानावर, आपल्या जुन्या सिद्धतेच्या वर, रिकाम्या समासात त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं: आधी शेजारी मोजायची सिद्धता शिकवावी, मग ही. मग खाली आठ बिंदू काढले आणि एकेक रेघ ओढायला लागले, सोळापर्यंत.