बुधवारपासून शून्य

सोमवारी ती ऑफिसात पोचली तेव्हाच अंग आंबून गेलं होतं. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांची कूस बदलायला उठलं की तिची झोप उडायची ती उडायचीच. खुर्चीत टेकते न टेकते तोच मॅडमनी टीमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. आकडे सांभाळणारा सहकारी रजेवर होता. वेबसाइटच्या भेटी आणि भरलेले फॉर्म मोजणाऱ्या डॅशबोर्डचा गेल्या आठवड्याचा फोटो तेवढा पाठवून त्याने हात झटकले होते. मॅडमनी त्यातल्या एका आकड्याभोवती लाल गोल काढला होता. आठवड्याचा अपडेट लिहायचं काम तिचं, म्हणून खाली तिला लिहिलं होतं, 'नवा फॉर्म फसला. अपडेटमध्ये सगळ्यात वर हेच घे. जुना परत लावू.'

कंपनी घरच्या आजारी माणसांसाठी पलंग, चाकाच्या खुर्च्या भाड्याने द्यायची. साइटवरचा मागणीचा फॉर्म तात्याने नव्याने बनवला होता. तात्या जेमतेम तिशीचा, पण बोलणं सत्तरीचं, म्हणून तात्या. महिनाभर त्याने त्या फॉर्मसाठी रक्त आटवलं होतं.

तो तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चेहरा एवढासा झाला होता. "लिही बाई. माझा मृत्युलेख तूच लिही."

"थांब रे. आधी बघू तर दे."

तिने फोटो मोठा केला. साइटवर येणारे लोक आधीच्या आठवड्यापेक्षा बरेच वाढलेले. भरलेले फॉर्म मात्र निम्म्याहून खाली. लाल गोल त्याच्याचभोवती. शेजारच्या आलेखात सोमवार, मंगळवार नेहमीसारखे होते आणि बुधवारपासून रेघ थेट तळाला टेकलेली. शून्य, शून्य, रविवारपर्यंत शून्य.

"नवा फॉर्म कधी लागला?"

"बुधवारी सकाळी. आता मीठ नको चोळूस."

"अरे, लोकांना आवडला नाही तर फॉर्म कमी येतील. पण एकही नाही? चुकूनमाकून एखादा तरी भरेल की."

स्क्रीनशॉटवर कितीही बोटं आपटली तरी आत शिरता येत नाही. तेव्हा ती उठली आणि पाय ओढत फोनवाल्या ताईंच्या खोलीत गेली. आलेले फॉर्म मेलमध्ये बघून गिऱ्हाइकांना फोन करायचं काम त्यांचं.

"ताई, बुधवारनंतर फॉर्म आलेत का हो?"

"आलेत की! न यायला काय झालं? शनिवारी तर जेवायला उसंत नव्हती."

म्हणजे फॉर्म येत होते, डॅशबोर्ड ते मोजत नव्हता. तात्याने आपल्या मशीनवर तपासलं. फॉर्म पाठवल्याची नोंद करणारा कोडचा तुकडा जुन्या पानावरच राहून गेला होता. त्याने कपाळावर हात मारला आणि मग इतका मोठा श्वास सोडला, की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं.

ती मात्र ताईंकडून मेलमधले आकडे घेऊन बसली होती. चाचणीचे आणि दुबार आलेले वगळले, आधीच्या आठवड्याशी ताडून पाहिले. जवळजवळ तेवढेच. माणसं वाढली, मागण्या वाढल्या नाहीत.

"हे लिहिणार आहेस?" तात्याने विचारलं.

"लिहावं लागेल."

"चूक सापडली, तेवढं पुरे की. वरून फॉर्मने फरक पडला नाही, हे कशाला?"

तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. "एका आठवड्यात फरक कळतही नाही, हेही लिहिते. पण मागण्या वाढल्या नाहीत हे झाकून कसं ठेवू?"

तो जागेवर जाऊन बसला.

फोटोच्या तळाशी सर्वाधिक वाचलेल्या पानांची यादी होती. पहिलं पान विक्रीचं नव्हतंच. 'एकट्याने रुग्णाची कूस कशी बदलावी' हे तिनेच मागे लिहिलेलं पान होतं. लोक त्यावर बाकी पानांपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबले होते. आठवड्याची बहुतांश वाढ तिथेच दिसत होती. ती त्या ओळीकडे बघत राहिली. आपल्यासारखीच दमलेली माणसं कुठेकुठे बसून हे वाचत असतील. पण अपडेटमध्ये ते कुठे लिहिणार?

तिने लिहून मॅडमना पाठवलं: 'भेटी वाढल्या, बहुतांश वाढ कूस बदलण्याच्या पानावर दिसते. वाढीचं कारण या स्क्रीनशॉटवरून सांगता येत नाही. फॉर्मचा शून्य आकडा खरा नाही, बुधवारपासून मोजणी बंद आहे. मेलनुसार मागण्या आधीइतक्याच. नव्या फॉर्मबद्दल एवढ्यात निर्णय नको.'

मॅडमचा फोन आला. "बरं झालं तपासलंस. मी सकाळीच जुना लावायला सांगणार होते." मग म्हणाल्या, "राहू दे नवा. पण मोजणी आजच्या आज दुरुस्त करा."

दुपारी तात्या दोन कप चहा घेऊन आला. एक तिच्यापुढे सरकवला. रुसवा पुरता गेला नव्हता. "मोजणी सुरू झाली. आणि त्या कूस बदलण्याच्या पानाखाली फॉर्मची लिंक लावू का?"

"लाव. पण अगदी शेवटी आणि लहान. आधी त्यांना वाचू दे."

"बरं," म्हणत तो स्टूल ओढून तिथेच बसला. दोघं चहा प्यायले.