नवव्या स्लाइडखाली लिहिलेलं

मंडळाचं ते कॅरोसेल ताईने केलं होतं. म्हणजे बोटाने सरकवत एकामागून एक बघायची नऊ चित्रं, वर ठळक मथळा: ‘परदेशातला पहिला महिना: हे केलंत का?’ ताई दुसऱ्या वर्षाला होती, विद्यापीठाच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करायची आणि मराठी विद्यार्थ्यांच्या मंडळाचं पान सांभाळायची. वयाने फार मोठी नव्हती, पण नवीन येणाऱ्या प्रत्येकाला विमानतळापासून खोलीपर्यंत तीच फोनवर वाट दाखवायची, म्हणून सगळे ताई म्हणायला लागले आणि ते नाव चिकटलं.

पहिल्या स्लाइडवर सिमकार्ड. दुसरीवर पत्त्याची सरकारी नोंद: घरमालकाचं सहीचं पत्र घ्या, नोंदणी कचेरीची वेळ लगेच ठरवा. तिसरीवर बँक, कारण नोंदीच्या कागदाशिवाय बँक दारात उभं करत नाही. मग विमा, डॉक्टरकडे नाव घालणं, विद्यापीठाचं ओळखपत्र, बसचा पास. आठवीवर खोलीत शिरल्या शिरल्या भिंतींचे, नळांचे, गादीचे फोटो काढून मालकाला मेल करायची सूचना, नाहीतर जाताना आधीच्या भाडेकरूचे डाग आपल्या माथी. आणि नववीवर मोठ्या अक्षरात: ‘सगळं झालं? खाली “झालं” लिहा, आणि अजून न केलेल्या मित्राला टॅग करा.’

ही शेवटची कल्पना मंडळाच्या सचिवाची. सचिव पीएचडी करत होता आणि मंडळाची प्रत्येक गोष्ट आकड्यांत बघायचा. त्याचं म्हणणं बरोबरही ठरलं. पोस्ट पसरली. सप्टेंबरात आलेल्या पोरांनी ती जपून ठेवली आणि मायदेशी त्यांच्या घरच्यांनी स्क्रीनशॉट काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले. ‘झालं’, ‘झालं’, ‘आमच्या बंड्याचंही झालं’ अशी रांग लागली.

त्या रांगेत सगळ्यात वर, सगळ्यात जास्त बदाम मिळालेलं, एका मुलीचं होतं: ‘सगळं झालं.’ पुढे हिरवी खूण.

ती कपाळाला बारीक टिकली लावायची. मंडळाच्या पहिल्या भेटीत कुणीतरी विचारलं होतं, “एवढ्या थंडीत टिकली टिकते का गं?” त्यावर ती म्हणाली, “मी टिकले तर तीही टिकेल.” तेव्हापासून तिचं नावच टिकली पडलं.

महिना संपत आला तेव्हा सचिवाच्या डोक्यात आलं की ज्यांचं सगळं झालंय त्यांचा एक छोटा व्हिडिओ करावा. “सुरुवात टिकलीपासून कर,” त्याने ताईला सांगितलं. “पत्रपेटीवर नाव, हातात बँकेचं कार्ड, चेहऱ्यावर हसू. बास.”

टिकलीने आधी आजारी आहे म्हणून टाळलं, मग असाइनमेंट म्हणून. शेवटी हो म्हणाली ते अशा आवाजात, जणू दंतवैद्याची वेळ घेतेय.

ती राहायची ती इमारत बसच्या शेवटच्या थांब्याजवळ होती. जिन्याखाली लोखंडी पत्रपेट्यांची ओळ, प्रत्येकीवर नावाची पट्टी. ताईने फोन आडवा धरला आणि विचारलं, “तुझी कुठली?”

टिकलीने एका पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर भलत्याच कुणाचं नाव होतं.

“तुझं नाव लावलं नाहीस? अगं, बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्यात. नाव दिसलं नाही की पोस्टमन सरळ परत नेतो.”

“माहितीये.”

“मग?”

टिकली जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसली. “ताई, माझं कार्ड यायचंच नाहीये. खातंच नाही उघडलं.”

ताईने फोन खाली घेतला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. खोली तिला ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीने मिळाली होती. जो खोली देत होता तो स्वतःच भाडेकरू. मूळ मालकाला न सांगता त्याने एक खोली हिला दिली होती. आधी म्हणाला, पत्र देतो. आल्यावर म्हणाला, पत्र मिळणार नाही, पेटीवर नाव लावायचं नाही, कुणी विचारलं तर पाहुणी म्हणून सांग. पत्र नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून खातं नाही. खात्याविना विम्याचे हप्तेही अडकलेले. दुसऱ्या स्लाइडवरच ती उभी होती, महिनाभर.

“मग खाली ‘सगळं झालं’ लिहिलंस ते?”

“बाबांनी.” ती थांबली. “म्हणजे मीच लिहिलं. पण बाबा रोज फोनवर विचारायचे, आज कितवी स्लाइड? ते मुख्याध्यापक आहेत. बरोबरची खूण करणं त्यांच्या हाडीमासी खिळलंय. पहिल्या दिवशी म्हटलं, दुसरी झाली. मग तिसरी नाही झाली असं कसं सांगणार? नंतर मामेभावाने टॅग केलं. सगळे लिहीत होते. मलाच जमत नाहीये असं वाटलं.”

“मला विचारायचंस ना गं.”

“कुठे विचारू? तुमच्या पोस्टवर ‘झालं’ लिहायला जागा होती. ‘नाही झालं’ लिहायला नव्हती.”

तिने ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही, नुसतं सांगितलं. म्हणूनच ताईला ते जास्त लागलं.

तिने तिथूनच सचिवाला फोन लावला. त्याने ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला. “त्यात काय एवढं? माझ्या पत्त्यावर नोंदवून टाकू. माझा घरमालक सहीला नाही म्हणणार नाही. चार दिवसांत खातं.”

ताईला क्षणभर हायसं वाटलं. टिकलीचाही चेहरा उजळला. पण बसमध्ये बसल्यावर ताईच्या मनात काहीतरी खुपत राहिलं, आणि ती म्हणाली, “उद्या आधी विद्यापीठाच्या मदत कक्षात जाऊ. मग ठरवू.”

मदत कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन खुर्च्या आणि टेबलावर कागदी रुमालांचा डबा. तिथल्या सल्लागार बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. टिकलीचं इंग्रजी मध्येच अडलं की ताई पुरं करायची. मित्राच्या पत्त्याची गोष्ट आली तेव्हा बाईंनी लिहिणं थांबवलं.

“जिथे राहत नाहीस तिथली नोंद करू नकोस,” त्या म्हणाल्या. “आत्ता तू अडचणीत आहेस, पण दोष तुझा नाही. खोटी नोंद केलीस की तो तुझा होईल, आणि सही करणाऱ्याचाही.”

ताईचे कान गरम झाले.

मग बाईंनी कामाला हात घातला. नोंदणी कचेरीची पुढची मोकळी वेळ त्यांनी तिथल्या तिथे टिकलीलाच घ्यायला लावली. ती बरीच लांबची होती. “पावती जपून ठेव. उशीर का झाला विचारलं तर ही दाखवायची. आणि रोज सकाळी साइट बघ, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात.” खोली देणाऱ्याशी झालेले मेसेज जपून ठेवायला सांगितले, विमा कंपनीला काय कळवायचं त्याचा मेल तिच्याकडून लिहून घेतला. शेवटी वसतिगृहाच्या कचेरीला फोन लावला. अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी थोड्या मुदतीच्या काही खोल्या असतात. भरलेल्या होत्या, पण एक लवकरच रिकामी होणार होती. तिथे नाव लागलं.

“हे असं काही असतं?” बाहेर आल्यावर टिकलीने विचारलं.

“मला वर्षभर इथे राहून माहीत नव्हतं,” ताई म्हणाली. तिची स्वतःची खोली पहिल्या दिवसापासून विद्यापीठाचीच होती. पत्र आयतं हातात पडलं होतं. स्लाइड लिहिताना ‘घरमालकाचं पत्र घ्या’ एवढं म्हणणं तिला पुरेसं वाटलं होतं, कारण तिला ते मागावंही लागलं नव्हतं.

खोली मिळेपर्यंत टिकली ताईकडेच गादी टाकून झोपली. त्याच दिवसांत कधीतरी, दुपारी, तिने घरी फोन लावला. ताई उठून जायला लागली तर तिने हाताने थांबवलं.

“बाबा, ती दुसरी स्लाइड झालेली नव्हती. कुठलीच नव्हती झालेली, पहिली सोडून.”

पलीकडे शाळेची घंटा, पोरांचा गलका.

“मी ग्रुपवर सगळ्यांना सांगून बसलोय,” वडील म्हणाले.

“हो.”

“खोटं लिहिण्यापेक्षा जागा कोरी सोडा, असं मीच वर्गात सांगतो. पण तू कोरी सोडली असतीस तर मी रागावलो असतो. तेही खरंच आहे. आता राहतेस कुठे?”

“एका ताईकडे.”

“तिला दे फोन.”

ताईने फोन घेतला. माफीचं वाक्य तिने मनात जुळवून ठेवलं होतं. पण मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, “तुम्हाला त्रास झाला. आता तिला रोज विचारायचं नाही, असं ठरवतोय. जमेल का माहीत नाही.”

वसतिगृहाची खोली मिळाली, तिचं पत्र मिळालं, आणि एका सकाळी रद्द झालेली एक वेळही. नोंदीच्या कारकुनाने उशिराचं कारण विचारलं, पावती बघितली, शिक्का मारला. त्यानंतर बँकेला फार वेळ लागला नाही. कार्ड आणि पिन दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या पाकिटांत आले.

व्हिडिओ झालाच नाही. त्याऐवजी ताईने सचिवाला सांगितलं, नवीन कॅरोसेल करायचंय.

“जुनंच दुरुस्त कर की.”

“लावलेलं चित्र बदलता येत नाही. खालचा मजकूर बदलता येईल, पण लोकांनी स्क्रीनशॉट काढलेत. त्यांच्यापर्यंत तो जाणार कसा?”

तिने नवीन स्लाइडा केल्या. प्रत्येकीचा वरचा अर्धा भाग आधीसारखाच, खालच्या अर्ध्या भागात ‘अडलं तर’. पत्र मिळत नसेल तर कुठे जायचं. वेळ लांबची मिळाली तर काय जपून ठेवायचं. मित्राचा पत्ता का देऊ नये, हेही लिहिलं. ते वाक्य सचिवाने दोनदा वाचलं.

“हे माझ्यामुळे आलंय.”

“आपल्या दोघांमुळे. मीही हो म्हणत होते.”

तो पुढे वाचत गेला आणि शेवटच्या स्लाइडवर अडला. तिथे लिहिलं होतं: ‘काय झालं नाही ते आम्हाला कळवा. कमेंटमध्ये नको, मेसेजमध्ये.’

“खाली कुणी काही लिहिणारच नाही मग. पोस्ट पडेल.”

“पडू दे.”

ती पडलीच. जुन्या पोस्टच्या मानाने निम्म्याहून कमी बदाम मिळाले. खाली दोन-चार नमस्काराचे हात आणि एका काकांचा चुकीच्या ठिकाणी पडलेला वाढदिवसाचा केक. सचिवाने आकडे बघितले आणि फोन खिशात टाकला.

मेसेज मात्र यायला लागले. एकाला डॉक्टरकडे नाव घालताना काय बोलायचं ते कळत नव्हतं, म्हणून दारातून दोनदा परत आला होता. एकीच्या खोलीत बुरशी होती आणि तिने फोटोच काढले नव्हते. एकाचं सगळं झालेलं होतं, सगळं, अगदी बसच्या पासासकट, आणि तो विचारत होता की रविवारी लोक काय करतात.

ग्रंथालयाच्या मधल्या सुट्टीत ताई आणि टिकली उत्तरं द्यायला बसायच्या. त्या रविवारच्या मेसेजपाशी ताई अडली. याचं ‘अडलं तर’ तिच्याकडे तयार नव्हतं.

टिकलीने फोन तिच्या हातातून घेतला आणि लिहिलं, ‘आम्हीही शोधतोय. तुम्ही कुठे राहता?’

मग दोघी चहा संपवून आपापल्या कामाला गेल्या.