जुनं डावीकडे

सोमवारी सांगलीतल्या त्या लहानशा एक्स-रे केंद्रात दुसरा मॉनिटर आला. तिथल्या तंत्रज्ञ क्षमाने तो जुन्याच्या उजव्या हाताला ठेवला, केबल जोडली, डेस्कटॉप दोन्ही पडद्यांवर पसरवला. बाहेर अकरा पेशंट बसले होते. बाकीची मांडणी उद्यावर गेली.

"क्षमा, तुझा उंदीर डावीकडच्या भिंतीत शिरतोय आणि उजव्या पडद्यातून बाहेर येतोय," डॉक्टर मधुकर म्हणाले.

"दोन दिवस सांभाळून घ्या, सर."

त्यांनी सांभाळून घेतलं. तीस वर्षं ते दिव्याच्या पेटीवर फिल्म लावत आले होते: जुनं डावीकडे, नवं उजवीकडे. फिल्म दाखवणारा प्रोग्रामही तसाच लावलेला होता.

गुरुवारी सकाळी ती निवांत बसली. तपासून बघायला सोमवारच्याच एका पेशंटच्या फिल्म उघडल्या, पलूसच्या नानासोंच्या. उजव्या पडद्यावर अक्षरं पुसट होती. रिझोल्यूशन कमी पडलं होतं. तिने शिफारस केलेलं १९२० बाय १०८० निवडलं. अक्षरं धारदार झाली. फिल्मचा तळ टास्कबारखाली झाकला जात होता, म्हणून 'सर्व पडद्यांवर टास्कबार दाखवा' ही खूण काढली. पट्टी नाहीशी झाली आणि खाली तारीख दिसली. १४ मार्च.

आता जून चालू होता. उजवीकडे नवी फिल्म हवी होती.

तिने डिस्प्लेची मांडणी उघडली. दोन नंबरचा, म्हणजे नव्या मॉनिटरचा चौकोन एकच्या डावीकडे होता. मॉनिटर टेबलावर उजवीकडे, कॉम्प्युटरच्या लेखी डावीकडे. त्यामुळे प्रोग्राम जुनी फिल्म उजव्या पडद्यावर टाकत होता. तिने चौकोन ओढून उजवीकडे नेला, बदल लागू केला, फिल्म पुन्हा उघडल्या. त्या जागा बदलून आल्या.

मग तिने रिपोर्ट काढला. 'फुप्फुसातला डाग चोवीस मिलिमीटरवरून सोळावर आला आहे.'

तो सोळावरून चोवीसवर गेला होता.

डॉक्टरांनी येऊन उभ्यानेच उजव्या फिल्मची तारीख वाचली. "सही माझी आहे," ते म्हणाले. "तारीख बघायला हवी होती मी."

"मांडणी मी अर्धवट सोडली, सर."

"सोमवारपासूनच्या तुलनेच्या सगळ्या फिल्म काढ."

"सात आहेत."

"मी परत तपासायला बसतो. नानासोंच्या घरी तू फोन लाव, मग मला दे."

फोन त्यांच्या बायकोने, राहीबाईंनी उचलला. "आवं बाई, तुमचाच रिपोट वाचून दाखवला पोरानं. डाग कमी झाला म्हणल्यावर सातारच्या मोठ्या डाक्टरची उद्याची तारीख सोडली आमी. आता दोन म्हैन्यांनी या म्हणाल्यात. कशाला उगा हेलपाटा?"

"राहीबाई, नानासोंना देता का फोन?"

"ते न्हाईत. उसाला पानी पाजाय गेल्यात. लय दिसांनी गेल्यात बगा." त्या हसल्या. "काय काम हुतं?"

क्षमाने डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला होता. तिने फोन दिला नाही.

"राहीबाई," ती म्हणाली, "बसून घ्या जरा. चूक माझ्याकडून झालीय."