वहीचं शेवटचं पान

लेक मैत्रेयी आजारपणात गेली आणि तिनं वहीत आखून ठेवलं होतं त्यावरूनच कौसल्याबाईंनी कळंबला पुस्तकांचं दुकान काढलं. वहीत सगळं होतं. निम्मी भरतीची गाईडं, थोडी लहान मुलांची, थोडी बाबासाहेबांची. भांडवल चाळीसच हजार, म्हणून रोखीनं घेतलेल्या, परत न जाणाऱ्या मालावरचं चाळीस टक्के कमिशन सोडून तीस टक्क्यांचं घ्यायचं. त्यात न विकलेली पुस्तकं तीन महिन्यांत परत जातात. शेवटचं पान तेवढं बाईंनी वाचलं नव्हतं. ते वाचलं की लेकीचं नवं काही उरणारच नव्हतं.

तीन महिन्यांनी नागपूरच्या पुरवठादाराचा माणूस परतीचा माल न्यायला आला. पहिलंच गाईड उघडून तो थबकला.

"बाई, हा शिक्का काहून मारला? शिक्क्याचं पुस्तक आमी वापस घेत नाही."

प्रत्येक पुस्तकावर जांभळ्या शाईत 'मैत्रेयी' होतं.

"माह्या पोरीचं नाव हाये, भाऊ."

तो मान खाली घालून रिकाम्या हातानं गेला. कौसल्याबाईंनी वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. दोनच ओळी होत्या.

"आईला बजावायचं, पुस्तकांवर माझ्या नावाचा शिक्का मारू नको, माल परत जात नाही. तरी मारेलच ती."