अकरा शब्दांचा फोन

"तीन मिनिटं झाली की मध्ये शिरायचं, पोरी. पलीकडे कोणी रडत असलं तरी. रडणाऱ्याला कोणीतरी थांबवावंच लागतं, नाहीतर मागे ताटकळणारा रडायला लागतो."

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मोठ्या बाईंचा, म्हणजे ऑपरेटर पोरींच्या वरिष्ठांचा, हा आवाज. मोठ्या बाई जाऊन वर्षं लोटली, एक्स्चेंजच्या जागी गाद्यांचं दुकान आलं, पण तो आवाज काही तिथे जन्मभर फोन जोडून दिलेल्या आपल्या बाईंच्या कानातून उतरला नाही. कानावरचा हेडफोन निवृत्तीच्या दिवशी खुंटीला टांगून आल्या, आवाज मात्र पदराला चिकटून घरी आला. दूध उतू जायच्या आधी बाई म्हणत, "वेळ संपतेय." शेजारीण दारात उभी राहून सुनेचं गाऱ्हाणं सांगू लागली, की बाईंची बोटं आपोआप स्विचबोर्डच्या खोबणीतून वायर उपटल्यासारखी हलत.

आणि आता अशा बाईंनाच कुणीतरी सांगत होतं, आवरा.

रेडिओ केंद्राने कथास्पर्धा जाहीर केली होती. निवडलेली कथा रेडिओवर वाचणार होते. अट एकच आणि ती अगदी खडूस: शीर्षक धरून पंधराशे शब्द. वर एक जरी गेला, तरी कथा वाचलीच जाणार नाही. बाईंची कथा भरली होती चार हजार आठशे सव्वीस.

"बक्षीस नकोय मला," बाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "जन्मभर मी लोकांचे आवाज लोकांना जोडून दिले. माझा म्हणून काय होता? 'बोला' आणि 'वेळ संपली'. एकदा तरी मला कोणी शेवटपर्यंत ऐकावं."

नवऱ्याने चष्मा पुसला आणि म्हटलं, "दे इकडे."

इथेच चूक झाली. नवरा छापखान्यात आयुष्यभर प्रुफं तपासत आलेला. बाई त्याला लाडात आणि रागात, दोन्ही वेळा, 'काना-मात्रा' म्हणत. प्रुफं तपासणाऱ्याचा धर्म असा, की लेखकाचा शब्द उडवायचा नाही, सुटलेला शब्द मात्र भरायचा. काना-मात्रा दोन दिवस लाल पेन घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्याच्या दुरुस्त्या लॅपटॉपवर चढवल्या आणि खालच्या कोपऱ्यातला आकडा बघून कपाळाला हात लावला.

"अहो, चार हजार नऊशे तीन झाले!"

"वाक्यं अर्धवट होती तुझी. पुरी केली."

"मी तुम्हाला केस कापायला बसवलं, आणि तुम्ही गंगावन लावून दिलंत!"

मग बाईंनी स्वतः कात्री घेतली. आधी विशेषणं काढली. 'काळाभोर'चा 'काळा' झाला, पण मेला शब्द एकचा एकच राहिला. 'खूप', 'अगदी', 'जणू', 'खरं तर' हे फुकटे पाहुणे एकेक करून बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत मान मोडली आणि गेले किती? दोनशे चाळीस. भरल्या विहिरीतून चमच्याने पाणी उपसावं तसं.

त्यात नणंद आली. तिला कुणकुण लागली होती, की कथेत ती आहे.

"वहिनी, माझ्या लांब वेणीचा परिच्छेद ठेवलाय ना गं?"

"वेणी कापली," बाई म्हणाल्या.

"अगं बाई! सगळी?"

"मुळापासून."

नणंद चहा न घेता उठली. दारातून भावाला म्हणाली, "दादा, तुझ्या बायकोच्या हातात कात्री ठेवू नकोस. आज माझी वेणी, उद्या तुझं नाक."

"माझं नाक पहिल्याच पानावर गेलं," काना-मात्रा म्हणाला.

पण नणंदेच्या रुसव्याने बाईंना एक गोष्ट उमगली. वेणी गेली तेव्हा एकशे नव्वद शब्द एका झटक्यात गेले होते, आणि कथेला साधं खरचटलंही नव्हतं. म्हणजे पानं खुडून भागणार नव्हतं, फांद्याच तोडायला हव्या होत्या. कुठल्या? प्रत्येक फांदीवर बाईंचा एकेक पक्षी बसलेला. संप आहे, कॅन्टीन आहे, वायरींच्या जाळ्यात व्यालेली मांजर आहे, चार मैत्रिणी आहेत. आईला कुठलं लेकरू जड?

मग बाईंना आपलं जुनं हत्यार आठवलं.

"तुम्ही आतल्या खोलीत जाऊन बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कागद न्यायचा नाही. मला मोबाईल लावायचा आणि माझी कथा मलाच सांगायची. तीन मिनिटं. तुमच्या तोंडून जे येईल ते राहील. जे येणार नाही ते गेलं."

"आणि विसरलो तर?"

"विसरण्यासारखं होतं म्हणायचं."

बाई स्वयंपाकघरात स्टुलावर ताठ बसल्या. फोन वाजला. बाईंच्या तोंडून आपसूक निघालं, "बोला."

पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग खाकरण्याचा आवाज.

"हां. तर एक मुलगी असते. एक्स्चेंजमध्ये. रोज लोकांचे फोन जोडून देते. एक म्हातारी असते, तिचा मुलगा दूरगावी. ती दर आठवड्याला फोन लावते आणि हवापाण्याचं बोलत बसते. ऊन फार आहे, छप्पर गळतंय. अडीच मिनिटं छप्परच. मग ही मुलगी मध्ये शिरून म्हणते, वेळ संपतेय. तशी म्हातारी घाईघाईने म्हणते, 'जेवलास का रे?' आणि फोन तुटतो. दर वेळी तेच. मुलीला कळतं, की माणसं खरं ते शेवटी बोलतात, कोणी मध्ये शिरलं की. आणि... आणि एकदा एक फोन येतो, त्यावर कोणी बोलतच नाही. आणि मग..."

"तीन मिनिटं झाली," बाई म्हणाल्या आणि फोन कापला.

मांजर गेली, संप गेला, कॅन्टीन गेलं. चार मैत्रिणींची मिळून एक झाली, तिच्याही तोंडी एकच वाक्य उरलं. कथा जिथे सुरू होत होती तिथून दोन पानं उडवली आणि सरळ म्हातारीच्या छपराखाली नेऊन उभी केली. बाई मोठ्याने वाचत गेल्या. जीभ जिथे अडखळली तिथे काट मारली, गळा जिथे अडखळला तिथे हात लावला नाही.

पण एक गोष्ट त्यांना खुपत होती. नवरा शेवटचं भाषण विसरला होता. कथेच्या शेवटी त्या मुलीला एकदाचा तिचा स्वतःचा फोन येतो. तिच्याशी लग्न ठरलेला तरुण तिला सांगतो, की तुझा आवाज म्हणजे पहाटेची घंटा, तुझ्याविना माझ्या दिवसाला दारच नाही, आणि असं बरंच. बाईंच्या मते तेच कथेचं काळीज. लिहिताना त्या स्वतःच दोनदा रडल्या होत्या. आपलाच नियम मोडून त्यांनी ते ठेवलं.

"भाषण कसं विसरलात?"

"तू वेळ संपवलीस."

"आणि तो मुका फोन बरा आठवला!"

काना-मात्रा लाल पेनाचं टोपण लावत बसला. टोपण आधीच लागलेलं होतं.

शेवटची सकाळ उजाडली. दुपारी बारापर्यंत कथा पाठवायची होती. बाई लॅपटॉपपुढे, नवरा शेजारच्या खुर्चीत. आकडा होता पंधराशे अकरा.

"अकरा!" बाई म्हणाल्या. "हत्ती गेला, शेपूट अडलं."

वाचता वाचता त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 'एकदा एक फोन आला, पलीकडून कोणी बोललंच नाही, लाईन बिघडली असेल.' बाईंनी बोटांवर शब्द मोजले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अहो, बरोब्बर अकरा! देवाने मापून ठेवलेत. काढते."

"नको," काना-मात्रा म्हणाला.

"का?"

"राहू दे."

"अहो, हे खरंच घडलं होतं म्हणून लिहिलं मी. लाईनमधला बिघाड, दुसरं काय? एवढं वाक्य गेलं तर कथेचं काय जातंय?"

"दुसरं काहीतरी काढ."

"मांजर काढली तेव्हा गप्प बसलात. तुमच्या सख्ख्या बहिणीची वेणी काढली तेव्हा हसलात. तुमचं नाक गेलं तरी ब्र काढला नाहीत. आणि या मेल्या मुक्या फोनसाठी अडून बसलाय?"

"भाषण काढ."

बाई गर्रकन वळल्या. "भाषण? ते काळीज आहे कथेचं!"

"असं कोणी बोलत नाही गं फोनवर. छापखान्यात असली भाषणं मी पोत्याने तपासली. एक चूक नसायची त्यांत. म्हणून तर खोटी वाटायची." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "तुझी म्हातारी बघ. तीन शब्द बोलते, जेवलास का रे. तुझ्या मुलीला मात्र पानभर ऐकवायला लावलंस."

"कारण तिला कोणी कधी काही म्हटलंच नाही!" बाईंचा आवाज चिरकला. "म्हणून लिहिलं ते. खऱ्यात नाही तर निदान कथेत तरी."

भिंतीवरचं घड्याळ बाराकडे सरकत होतं. काना-मात्रा खाली मान घालून चष्म्याची काडी उघडत होता, मिटत होता. काहीतरी ओठांवर येऊन माघारी जात होतं. बाईंनी हजारो माणसांचे असे थांबलेले श्वास ऐकले होते. तो श्वास कशाच्या आधी येतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यांनी वळून भाषण निवडलं. पडद्यावर एकशे नव्व्याण्णव शब्द निळे झाले. पहाटेची घंटाही निळी, दारही निळं. बाईंनी एक बटण दाबलं. सगळं काळीज गेलं आणि कोपऱ्यात आकडा आला, तेराशे बारा. मुका फोन आता कथेच्या अगदी टोकाला उभा होता, एकटा.

"घ्या," बाई म्हणाल्या. "तुमचं वाक्य राहिलं. वर एकशे अठ्ठ्याऐंशी शब्द मोकळे झाले. ते तुमचे." आणि मग पाठ ताठ करून, त्या जुन्या, सपाट आवाजात म्हणाल्या, "वेळ संपतेय. बोला."

काना-मात्राने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"लाईन बिघडली नव्हती," तो म्हणाला. "आपलं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट. छापखान्याचा मालक जेवायला गेला होता. मी त्याच्या टेबलावरून एक्स्चेंजला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून, चारदा तपासून नेलं होतं. तू म्हणालीस, 'बोला'. आणि मला त्या कागदातलं एकही वाक्य धड वाटेना."

"मग फोन ठेवला का नाहीत?"

"तू परत 'बोला' म्हणालीस. परत म्हणालीस. मी ऐकत राहिलो. मला वाटलं, मी गप्प राहिलो तर ही म्हणतच राहील." तो जरा हसला, मग हसू गिळलं. "तेव्हापासून गप्पच राहिलो बघ. तो फोन माझा होता गं. मला तुझा आवाज फार आवडतो."