पी.पी. अपेक्षा

“झबली आपली, दुकान आपलं, अन् पोरीचं नाव कावून लपवायचं? चोरीचा माल हाय का?” अण्णाराव शांतादेवींच्या कानाशी कुरकुरले. आपण हळू बोलतोय असं त्यांना वाटलं. कॉम्प्युटर क्लासमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. सगळे म्हणजे क्लास चालवणारी रुचिका आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली अपेक्षा.

परळीतल्या कापड दुकानाची वेबसाइट, ही तेव्हा नवलाईच. निमित्त अपेक्षाच्या झबल्या-टोपड्यांचं. शांतादेवींच्या चुलत बहिणीची ही लेक सोलापूरहून एका पिशवीनिशी आली, आणि ‘शिवण शिकायला आलीय’ असं घरात ठरून गेलं. शिकायला आलेली पोर पहिल्या आठवड्यापासून गल्लीतल्या बायांना शिकवू लागली. तरी कुणी खोलात गेलं नाही.

रुचिकाने पान दाखवलं. वर अण्णारावांचं नाव, दुकानाचा पत्ता, दुकानाचा फोन.

“फोनाखाली लिही, पी.पी. अपेक्षा,” अण्णाराव म्हणाले. “दुकानात फोन आला की आमी हाक मारून बोलावतो तिला. गावात समद्यांच्या कार्डावर असंच असतंय. मेहनत तिची. मी एकट्यानं कावून मिरवू?”

नवऱ्याचं मन मोठं, म्हणून शांतादेवींना भरून आलं आणि त्याच क्षणी धडकीही भरली. पी.पी. म्हणजे ते माणूस हाकेच्या अंतरावर राहतं. हे सोलापुरातही कळतं.

रुचिकाने माउस हलवला. “काका, इथं नुसतं ‘संपर्क’ दिसतंय ना? आता बाण त्याच्यावर नेते. खाली पट्टीत बघा.”

पट्टीत अपेक्षाचा ईमेल उमटला, नावासकट.

“वरचा शब्द बदलून भागत नाही, आतली लिंक बदलावी लागते. दुकानाच्या नावाचा नवा ईमेल काढलाय, तोच घालते. ऑर्डर आली की हिला सांगीन, उत्तरही तिथूनच जाईल. हिनं स्वतःचं एक फुकटचं पान केलं होतं, फोटोचं. त्याची लिंक काढली, अन् हिला विचारून ते पानच बंद केलं. साइटचं नाव घेताना मालकाचं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, अन् ते कुणालाही शोधून बघता येतं. तिथं तुमचं घातलंय.”

शांतादेवींच्या ध्यानात आलं. घराला असतील-नसतील तेवढ्या खिडक्यांना या पोरीने न बोलता कड्या घातल्या होत्या.

“एवढं केलंस, झ्याक केलंस,” अण्णाराव म्हणाले. “मग दोन अक्षरांच्या पी.पी.नं काय आभाळ कोसळतंय? शिकायलाच आलीय ना पोर?”

शांतादेवींनी पदर सारखा केला. रुचिका कीबोर्डवर साचलेली वीज केंद्राची राख पुसू लागली.

अपेक्षा खुर्चीवरून उठली.

“काका, मी शिकायला आले न्हाई. नवरा मारत होता म्हणून पळून आले. तो अजून मला शोधतोय.”